बायोडेटा वाचताना (७) : पाऊस ओसरला की माणसाने काम केले?

मागच्या लेखात कबूल केल्याप्रमाणे आज बायोडेटातल्या रिकाम्या वर्षांविषयी लिहायचे होते. ते पुढच्या आठवड्यावर टाकतो, कारण निपाणीहून एका वाचकांचे पत्र आले आहे आणि ते मला स्वस्थ बसू देत नाही. त्यांचा मुलगा मेकॅनिकलचा डिप्लोमा करून दोन वर्षे एका फाउंड्रीत आहे. त्याने नव्या नोकरीसाठी केलेल्या बायोडेटात वरच लिहिले आहे : ‘एक्सलंट कम्युनिकेशन, स्ट्राँग ओनरशिप, सेल्फ मोटिव्हेटेड, टेक्स इनिशिएटिव्ह.’ वडील विचारतात, ‘तुम्ही म्हणता विशेषणे वाचूच नयेत. मग पोराच्या अंगात हे गुण आहेत हे तुम्हाला कळणार कसे? गुण काय कागदावर दिसतात?’

दिसतात. पण जिथे नाव लिहिलेले असते तिथे ते सहसा नसतात. उद्यमबागेत आणि मच्छे औद्योगिक वसाहतीत मिळून वीसेक वर्षे मी माणसे निवडण्याचे काम केले. पिरनवाडीच्या घरी संध्याकाळी बायोडेटांचा गठ्ठा घेऊन बसायचो. त्या गठ्ठ्यात ‘हार्डवर्किंग’ नसलेला एकही माणूस नसायचा. सगळ्यांनीच लिहिलेला शब्द दोघांतला फरक दाखवू शकत नाही, म्हणून मी तो ओलांडून पुढे जातो. लिहिणारा खोटारडा आहे असा त्याचा अर्थ नव्हे.

नुसते तत्त्व सांगण्यापेक्षा एक बायोडेटा तुमच्यासमोर उघडतो. माणसाची ओळख पटू नये म्हणून आकडे आणि काही तपशील बदलले आहेत, घडले ते तसेच ठेवले आहे.

खानापूर बाजूचा एक तरुण. ग्रे आयर्नच्या फाउंड्रीत तयार कास्टिंग तपासायच्या कामावर तीन वर्षे. बायोडेटा दोन पानांचा, झेरॉक्सच्या दुकानात ठरलेल्या साच्यात टाइप केलेला. वर तीच चार विशेषणे. खाली, बऱ्याच आत, एक ओळ होती : ‘कास्टिंग रिजेक्शन ९ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणले.’

ही ओळ वाचून पुष्कळ जण खूश होतात. आकडा आहे, म्हणजे पुरावा आहे असे वाटते. पण आकड्याला आधी तीन गोष्टी विचाराव्या लागतात. नऊ टक्के कशाचे, नगांचे की वजनाचे? वजनावर मोजले तर दोन-चार मोठ्या कास्टिंगमुळे टक्का एकदम वर जातो. दुसरे, रिजेक्शन कुठे पकडले, फाउंड्रीत की गिऱ्हाइकाकडे मशिनिंग झाल्यावर? आणि तिसरे, जे आपल्या भागात कधीच विसरू नये : नऊ कुठल्या महिन्यातले आणि पाच कुठल्या?

बेळगावचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. जून ते सप्टेंबर इथे हवाच ओली असते. उघड्यावर पडलेली वाळू भिजते, आणि कास्टिंगच्या आतली पोकळी घडवण्यासाठी साच्यात ठेवलेले वाळूचे कोअर नुसत्या हवेतला ओलावा ओढून घेतात. अशा कोअरभोवती वितळलेले लोखंड आले की पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर लोखंडातच फुगा राहतो. त्याला ब्लोहोल म्हणतात. दिवाळीनंतर हवा कोरडी पडली की ही खोड बरीचशी आपोआप कमी होते. म्हणजे कुणी जुलैचा आकडा ‘आधी’ म्हणून धरला आणि जानेवारीचा ‘नंतर’ म्हणून, तर मधला सगळा फरक माणसाच्या नावावर कसा मांडायचा?

मी फोन केला आणि हाच प्रश्न विचारला. क्षणभर थांबून तो म्हणाला, ‘खरं सांगू काय सर, त्यातलं निम्मं पाऊस गेल्यावर आपसूक कमी झालंय. ते मी केलं म्हणून कसं सांगू?’

‘मग लिहिलंत का?’

‘दुकानात टाइप करणारे म्हणाले, आकडा टाकला की बरं दिसतंय.’

‘आणि उरलेलं निम्मं?’

उरलेल्या निम्म्याचे उत्तर वीस मिनिटे चालले, आणि त्या वीस मिनिटांत पहिल्या पानावरच्या चारही विशेषणांना आधार सापडला.

त्याचे काम होते तयार कास्टिंग पाहून चांगले-वाईट वेगळे करणे. वाईट निघालेल्यांचा ढीग लावून आकडा रजिस्टरात लिहिला की काम संपले. पण त्याच्या लक्षात आले की मशिनिंगनंतर उघडी पडणारी भोके बाहेरच्या अंगाला फारशी नाहीत, ती आतल्या बोअरभोवती गोळा झाली आहेत. बाहेर असती तर साच्याच्या वाळूत पाणी जास्त झाले असे म्हणता आले असते. आत आहेत म्हणजे संशय कोअरवर. कोअर शॉप हा त्याचा विभाग नव्हता. तरी जेवणाच्या सुट्टीत तो तिकडे जाऊन उभा राहायला लागला. दिसले ते असे की ओव्हनमधून वाळवून काढलेले कोअर शटरच्या दाराजवळ ट्रेमध्ये रचून ठेवत, आणि नवा ट्रे पुढे, जुना मागे. मागचा ट्रे दोन-दोन दिवस दमट हवेत तसाच राहायचा आणि मग एखाद्या घाईच्या शिफ्टमध्ये वापरला जायचा.

त्याने सुचवलेला उपाय अगदी साधा होता. ट्रेवर खडूने खूण करायची, आज पांढरी, उद्या निळी, परवा तांबडी. कालच्या रंगाचा ट्रे आधी उचलायचा, आणि परवाच्या रंगाचा दिसला तर तो पुन्हा ओव्हनमधून काढल्याशिवाय साच्याकडे द्यायचा नाही. पहिले पंधरा दिवस हे चाललेच नाही. सूचनेचा कागद त्याने मराठीत लिहून लावला होता, आणि कोअर शॉपमधले सगळ्यात जुने कामगार कन्नड वाचणारे. तो कागद त्यांच्या दृष्टीने भिंतीवरचा कुठला तरी कागद होता. हे कळल्यावर त्याने सोबत्याकडून तीच सूचना कन्नडमध्ये लिहून घेतली, आणि त्या जुन्या कामगारांनाच विचारले की ट्रे कुठे ठेवलेला बरा. त्यांनी जागा बदलून ओव्हनच्या भिंतीकडची दिली. तिथून पुढे पद्धत रुळली.

मग आम्ही आकडे नीट मांडले. जुलैची तुलना जानेवारीशी न करता आदल्या वर्षीच्या जुलैशी केली, जानेवारीची आदल्या जानेवारीशी. जुलैत ९ चे ७ झाले होते, जानेवारीत साडेसहाचे ५. नगांवर मोजलेले, फाउंड्रीत आणि गिऱ्हाइकाकडे पकडलेले दोन्ही मिळून. म्हणजे चार टक्क्यांचा दावा दीड-दोन टक्क्यांवर आला. महिन्याला चार हजार नग धरले तर दोन टक्के म्हणजे ऐंशी कास्टिंग. बायोडेटातल्या ओळीपेक्षा हा आकडा लहान आहे, पण तो त्याचा आहे, आणि माझ्या लेखी त्या चार टक्क्यांपेक्षा त्याची किंमत जास्त आहे.

आता निपाणीच्या वाचकांनी एवढे पाहावे. या गोष्टीत इनिशिएटिव्ह कुठे आहे? कुणी सांगितले नसताना तो दुसऱ्या विभागात जाऊन उभा राहिला, तिथे. ओनरशिप कुठे आहे? पंधरा दिवस फसले तेव्हा त्याने सोडून दिले नाही, आणि पाऊस गेल्याचे श्रेय स्वतःकडे ओढले नाही, तिथे. कम्युनिकेशन तर त्या कन्नड कागदात आहे. आणि बायोडेटात यातले काय होते? चार विशेषणे आणि एक फुगलेला आकडा. मी फोन केला नसता तर तो गठ्ठ्यात तसाच राहिला असता. असे किती राहिले असतील या विचाराने मला आजही वाईट वाटते.

कम्युनिकेशनबद्दल थोडे अधिक बोलतो, कारण यात सर्वांत जास्त फसगत होते. सुरेख इंग्रजीत लिहिलेला बायोडेटा पाहून आपण म्हणतो, संवादकौशल्य चांगले. पण ते इंग्रजी बहुतेक वेळा झेरॉक्सवाल्याचे, कॉलेजच्या साच्याचे किंवा मोठ्या बहिणीचे असते. ‘भाषा : मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी’ ही ओळ आपल्या भागात प्रत्येकाकडे असते, तिनेही काही कळत नाही. आपल्याकडच्या शॉप फ्लोअरवर खानापूरचा मराठी माणूस, बैलहोंगलचा कन्नड माणूस आणि उत्तरेकडून आलेला हिंदी बोलणारा हेल्पर एकाच मशिनभोवती असतात, आणि गिऱ्हाइकाचा इंग्रजी मेल पुण्याहून येतो. या चौघांमधून एखादी गोष्ट न बिघडता पलीकडे पोहोचवली का, हे शोधायचे.

माझी कसोटी एकच : माणूस घरी गेल्यावर त्याने लिहिलेल्या कागदावर दुसऱ्याने काम केले का? शिफ्ट बदलताना रजिस्टरात दोन प्रकारचे लिखाण मी पाहिले आहे. एक असे : ‘४ नंबर मशिन प्रॉब्लेम, बघणे.’ दुसरे असे : ‘४ नंबरला बोअर २० मायक्रॉनने लहान येतोय. इन्सर्ट घासलाय, बदललेला नाही, ऑफसेटही दिलेला नाही. शेवटचे ६ नग वेगळे ठेवलेत. पहिला पीस मोजूनच पुढे चालवा.’ पहिला लिहिणारा मुलाखतीत फर्डा बोलेल, दुसरा कदाचित मान खाली घालून बसेल. पण रात्रपाळीतला माणूस दुसऱ्याच्या कागदावर निर्धास्त काम करील. म्हणून बायोडेटात ‘कामाची सूचनापत्रे लिहिली’, ‘गिऱ्हाइकाच्या तक्रारीचा रिपोर्ट तयार केला’, ‘नव्या ऑपरेटरांसाठी गेज वापरायचा तक्ता बनवला’ अशी ओळ दिसली की मी तिच्याखाली रेघ ओढतो आणि विचारतो, तो कागद कोण वाचत होते, आणि त्यांनी समजला नाही असे सांगितल्यावर तुम्ही त्यात काय बदललेत? कागद खरोखर ज्याने लिहिला असेल त्याला हा दुसरा प्रश्न फार आवडतो. बदललेली ओळ त्याला तोंडपाठ असते.

ओनरशिपसाठी मी आधी उजवीकडचा तारखांचा रकाना बघतो. डावीकडे लिहिलेले असते, ‘संपूर्ण कारखान्यात ५ एस राबवले’, आणि उजवीकडे नोकरीचा काळ चार महिने. ५ एसमधली पहिली पायरी, नको असलेले सामान वेगळे काढणे, चार महिन्यांत होते. शेवटची पायरी म्हणजे ती शिस्त टिकवणे, आणि ती टिकली की नाही हे पाहायला हा माणूस तिथे नव्हताच. त्याने खोटे लिहिले असे मी म्हणत नाही. त्याने सुरुवात पाहिली आणि शेवट पाहिला नाही, एवढेच म्हणतो. ओनरशिप शेवटाजवळ दिसते. ‘जबाबदारी सांभाळली’ आणि ‘सहभाग होता’ या दोन क्रियापदांनीही असेच फसायला होते. जबाबदारी ही वरिष्ठाने दिलेली गोष्ट, तिचे पुढे काय झाले ते त्या वाक्यात येत नाही. सहभाग तर सभेत चहा घेणाऱ्याचाही असतो.

इनिशिएटिव्हचा प्रश्न सोपा आहे, फक्त तो न लाजता विचारावा लागतो : हे करायला कुणी सांगितले होते? शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट अभ्यासक्रमातच असतो, त्यामुळे तो कितीही चांगला असला तरी इथे धरता येत नाही, गुणवत्तेत धरावा. ‘१२ कायझेन दिले’ हेही तसेच. अनेक कारखान्यांत महिन्याला एक कायझेन द्यायचाच असतो. बारापैकी अमलात किती आले आणि त्यातला एक तरी ठरलेल्या संख्येपलीकडचा होता का, हे विचारल्यावर चित्र स्पष्ट होते.

इथे मला आपल्याच गावातला एक माणूस आठवल्याशिवाय राहवत नाही. पिरनवाडीहून बेळगावकडे निघालो, उद्यमबाग मागे टाकून तिसरे रेल्वे गेट ओलांडले की ठळकवाडी लागते. ही वस्ती वसण्याआधी तिथल्या जागेवर लक्ष्मणराव किर्लोस्करांचा कारखाना होता. मी नव्या मुलांना नेहमी सांगतो, लक्ष्मणरावांचा १९१० सालचा बायोडेटा लिहून बघा, पण एकही विशेषण वापरायचे नाही. मग ओळी अशा येतात. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक आरेखन शिकवायचे. नोकरी चालू असतानाच मुंबईहून सायकली घेऊन बेळगावला भावाकडे, रामूअण्णांकडे, पाठवायचे, आणि रामूअण्णा त्या विकून लोकांना चालवायला शिकवायचे. पुढे नोकरी सोडून बेळगावला आले. कडबा कापायचे यंत्र केले, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्याने पहिले नांगर खपायलाच जवळपास दोन वर्षे गेली. कारखान्याची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी कुंडलजवळ माळजमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले, आणि १९१० मध्ये सगळे तिकडे हलवले.

यातली कुठली ओळ ओनरशिप सांगते? बहुतेक मुले कारखाना काढल्याच्या ओळीकडे बोट दाखवतात. मी खप नसलेल्या दोन वर्षांकडे दाखवतो. नांगर कुणी मागितला नव्हता, तो बनवणे हा इनिशिएटिव्ह. तो विकला जात नसताना त्याच्यामागे उभे राहणे ही ओनरशिप. दोन्ही गोष्टी तारखेने दिसतात. आणि कम्युनिकेशनचा कागद हवा असेल तर किर्लोस्करवाडीहून १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी सुरू केलेली ‘किर्लोस्कर खबर’ आहे. कारखान्याची माहिती देणारे ते पत्र वाचकांना इतके धरून राहिले की त्याचे पुढे नामांकित मासिक झाले.

कुणी म्हणेल, ही सगळी माझी गावठी पद्धत. तसे नाही. अमेरिकेत सरकारी वकिलांच्या बाबतीत लीएटा हॉफ यांनी अशीच रीत बांधून तपासली आणि १९८४ मध्ये ती प्रसिद्ध केली. तिथे माणसाने स्वतःचे वर्णन करायचे नसते. एकेका गुणासाठी प्रत्यक्ष केलेले एक काम लिहायचे : परिस्थिती काय होती, आपण नेमके काय केले, परिणाम काय झाला, आणि हे खरे आहे असे सांगू शकणाऱ्या माणसाचे नाव काय. मग आधीच ठरवलेल्या मोजपट्टीवर त्या कामांना गुण द्यायचे. शेवटची अट मला फार मोलाची वाटते. साक्षीदाराचे नाव लिहायचे म्हटल्यावर आकडा आपोआप खऱ्याच्या जवळ येतो. मोजपट्टी आधी ठरवण्याचेही कारण आहे. ती नसली की एखादा आपल्या गावचा, आपल्या कॉलेजचा निघाला की त्याच्या ओळी आपल्याला जड वाटू लागतात. ही चूक मी स्वतः केली आहे आणि तिच्यामुळे एक चांगला माणूस माझ्या हातून गेला.

या सगळ्याला एक मर्यादा आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. बायोडेटात पुरावा सापडला तर तो धरावा, पण सापडला नाही म्हणून गुण नाही असे ठरवू नये. ज्याचे काम बिघाड होऊच न देण्याचे आहे, त्या मेंटेनन्सच्या माणसाकडे दाखवायला आकडाच नसतो. न बंद पडलेले मशिन कोण मोजतो? लहान वर्कशॉपमध्ये रजिस्टरच नसते. आयटीआयच्या मुलाला कुणी सांगितलेलेच नसते की खडूच्या खुणा बायोडेटात लिहायच्या असतात. म्हणून काम जमणारे आहे पण कागद रिकामा आहे असे वाटले, तर पाच मिनिटांचा फोन करून एवढेच विचारावे : तुमच्या कामात नसलेली एखादी गोष्ट तुम्ही केलीत, ती सांगा, आणि त्यात काय फसले तेही सांगा. फसलेले विचारायला विसरू नका. रचलेल्या गोष्टीत फसलेला भाग सहसा तयार नसतो.

निपाणीच्या वाचकांना आता सरळ उत्तर. मुलाच्या बायोडेटातली ती वरची ओळ काढून टाका. त्याला शेजारी बसवून विचारा, दोन वर्षांत न सांगता काय केलेस, तू लिहिलेल्या कशावर दुसऱ्याने काम केले, आणि काय शेवटपर्यंत नेलेस. मी सांगितलेल्या खानापूरच्या तरुणाची ओळ आम्ही अशी लिहिली असती : ‘बोअरभोवतीचे ब्लोहोल ओल्या कोअरमुळे येतात हे शोधले. कोअरच्या ट्रेवर रोजच्या रंगाची खूण आणि मराठी-कन्नड सूचना सुरू केली. रिजेक्शन जुलै ते जुलै ९ वरून ७ टक्के, नगांवर.’ तीन वाक्ये आहेत, विशेषण एकही नाही. शेजारी त्याच्या त्या वेळच्या सुपरवायझरचे नाव टाकायचे, मात्र त्यांना आधी विचारून. तो तरुण त्या पदावर निवडला गेला. रिकाम्या वर्षांविषयी पुढच्या आठवड्यात नक्की लिहितो. तोवर तुमच्या मुलाच्या तीन ओळी तयार झाल्या तर मला पाठवा, मी वाचून कळवीन.